आमच्या गच्चीचा इतिहास : एका उत्तराच्या पत्रावरून

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'सोसायटीचा इतिहास' लिहायचा म्हणून मी कार्यालयातलं लोखंडी कपाट उघडलं. प्लॉट घेतला कधी, नोंदणी झाली कधी, पहिली सर्वसाधारण सभा कुणाच्या अंगणात भरली, हे सगळं मागच्या दोन अंकांत येऊन गेलंय. तेच पुन्हा काय लिहायचं? तेवढ्यात 'गच्ची' असं खडूनं लिहिलेली एक फाइल हाती लागली. तिच्यात साडेतीन पानांचं एक पत्र आहे. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यावर निळीचा डाग आहे. जुन्या सभासदांना तो डाग सांगितला की पुरे, नव्यांसाठी मात्र सगळं सांगावं लागेल. या इमारतीत आपण पंचवीस वर्षं राहिलो त्यातलं सगळ्यात कडू भांडण त्या पत्रावरून झालं, आणि त्यात थोडा दोषी मीही होतो, म्हणून ते मीच लिहिलेलं बरं.

पत्राकडे येण्याआधी थोडं मागे जातो. आपल्यातले बहुतेक जण चिखली, मेहकर, मोताळा, देऊळगाव राजा अशा भागांतल्या खेड्यांतून बुलढाण्यात आलेले. आपल्या आजोबांची घरं धाब्याची होती. भिंतींवर लाकडाचे सर, त्यावर किलच्या, त्यावर पऱ्हाट्या नाहीतर कडूनिंबाचा पाला, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती गावठाणातली. गावाच्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' आणि शेतीला 'काळी' म्हणायचे, ते उगाच नाही. काळी माती पाणी धरते, फुगते आणि वाळली की भेगाळते. पांढरी दाबून बसवली की पाणी वरच्यावर सरकतं. त्या धाब्याला कुणी कागदावर हमी देत नव्हतं. मृग लागण्याआधी घरातलं कुणीतरी वर चढायचं, उंदरांची बिळं बुजवायचं, नव्या मातीचा हात फिरवायचं आणि पन्हाळीतला पालापाचोळा काढायचं. धाबं गळलं तर दोष कुणाचा हे घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. ज्याच्यावर पन्हाळ साफ करायचं काम असे, तो त्या दिवशी गुपचूप जेवायचा.

सिमेंटच्या गच्चीनं ही वार्षिक कामं संपली, निदान आपल्याला तसं वाटलं. आपली इमारत बांधली तेव्हा बिल्डरनं गच्चीवर कोबा केला होता. विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून त्यांनीच उतार द्यायचा, वर घोटाई करायची आणि ओल्या सिमेंटवर दोरी दाबून चौकोन पाडायचे. त्या चौकोनांत आपली मुलं ठिक्कर खेळली. कोब्याचं आयुष्य नीट केलं तर बरंच असतं, पण बुलढाण्याचं हवामान त्याला झोंबतं. गाव घाटावर, रात्री थंड. एप्रिल-मे महिन्यांत मात्र दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. रोज तापायचं, रोज आकसायचं. अकराव्या वर्षी चौकोनांच्या रेघांतून भेगा दिसायला लागल्या, आणि त्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावर पहिली ओल आली.

मग सभा झाली, वर्गणी ठरली, आणि खामगावकडच्या एका ठेकेदाराला काम दिलं. त्याचं नाव इथे देत नाही. त्यानं गच्चीवर मेंब्रेन बसवली. ही डांबराची चादर असते. डांबरात एक प्रकारचं प्लास्टिक मिसळलेलं असतं आणि मध्ये पॉलिस्टरचं अस्तर असतं. ही कल्पना १९६०च्या दशकात इटलीतून आली. आपली चादर ४ मिलिमीटर जाडीची होती. एक मीटर रुंदीचे रोल उलगडत, खालून गॅसच्या ज्योतीनं तापवत ती चिकटवतात. एका पट्टीची कड दुसरीवर निदान चार इंच चढवून वितळवतात. भिंतीपाशी ती कोपऱ्यातल्या गोलाईवरून, जिला गवंडी 'वाटा' म्हणतात, सहा इंच वर चढवतात आणि प्लास्टरमध्ये खाच पाडून तिची कड त्या खाचेत बंद करतात. वरून चंदेरी रंग. काम झाल्यावर ठेकेदारानं तिन्ही पाइपांची तोंडं बांधून गच्चीवर दोन इंच पाणी दोन दिवस उभं ठेवलं. खाली एक थेंब आला नाही. सचिवांनी त्याचा फोटोही काढला होता, तो फाइलमध्ये आहे. ठेकेदारानं स्टॅम्पपेपरवर सात वर्षांची वॉरंटी दिली. आपण पेढे वाटले, स्टॅम्पपेपर फाइलला लावला आणि तो परत कुणी उघडला नाही.

चौथ्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, दोन रात्री लागून झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या गुरुजींच्या घरात छताच्या प्लास्टरचा दीड-दोन हात लांबीचा पोपडा खाटेवर पडला. (ते शाळेतून निवृत्त झालेले, आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचो.) खाट रिकामी होती. सकाळपर्यंत त्यावर त्यांची नात झोपली होती. काकू काही बोलल्या नाहीत, नुसत्या खाटेकडे पाहत बसल्या. त्यांचं ते बसणं पाहून कार्यकारिणीनं त्याच संध्याकाळी ठेकेदाराला कडक पत्र धाडलं. वॉरंटी सुरू आहे, आठ दिवसांत येऊन फुकट दुरुस्ती करा, नाहीतर ग्राहक मंचात जाऊ. तेव्हा मंचच म्हणत, २०१९च्या कायद्यानं त्याचा आयोग झाला.

तो सहाव्या दिवशी आला. दोन माणसं, एक बादली, खडू आणि निळीची पुडी घेऊन आला. दिवसभर गच्चीवर होता. आम्हाला वाटलं होतं टाळाटाळ करेल. त्यानं फारसं बोलणंच केलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, "साहेब, लेखी कळवतो. तोंडी बोललो तर तुमी बी चिडसान, मी बी चिडीन." चार दिवसांनी पत्र आलं.

सुरुवात रीतसर होती : मा. अध्यक्ष व सचिव यांसी, स. न. वि. वि. पुढे त्यानं लिहिलं होतं की गच्चीवर तीन ठिकाणी पाणी उतरतंय आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून तिन्हींबद्दल वेगवेगळं लिहितो. मला हे पत्र आजही चांगलं वाटतं ते याच वाक्यामुळे. आपण 'गच्ची गळते' असं एकच वाक्य लिहिलं होतं, त्यानं त्याचे तीन तुकडे केले.

पहिला तुकडा पूर्वेच्या कोपऱ्याचा. तिथे जिन्याच्या खोलीची मागची भिंत आणि पॅरापेट यांच्यामध्ये पाइपाचं एक तोंड आहे. पत्रात लिहिलं होतं : "सदर पाइपाच्या तोंडावर आम्ही बसविलेली जाळी जागेवर आढळली नाही. पाइपाच्या पहिल्या वळणात रबरी चेंडू, कडूनिंबाचा पाला व प्लास्टिकच्या कागदाचे तुकडे अडकलेले मिळाले. कोपऱ्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ साडेसात इंचांवर आहे. आमची मेंब्रेन भिंतीवर सहा इंच चढविलेली आहे."

आमच्यातल्या एकानं लगेच विचारलं होतं आणि प्रश्न बरोबर होता. ज्या चादरीनं दोन दिवस उभं पाणी पेललं, तिला पाइप तुंबून साचलेल्या पाण्याचं काय एवढं? पाणी ते पाणीच. उत्तर त्या दोन आकड्यांत आहे. परीक्षेच्या वेळी पाणी दोन इंच होतं, म्हणजे चादरीच्या चढवलेल्या काठाच्या बरंच खाली. त्या ऑगस्टमध्ये ते काठाच्या दीड इंच वर गेलं. परातीत पाणी काठाच्या खाली असेल तोवर परात गळत नाही, काठावरून सांडलं की परातीला बोल लावता येत नाही. इथे सांडलेलं पाणी बाहेर न जाता प्लास्टरच्या बारीक भेगांतून चादरीच्या मागे उतरलं आणि चादर व स्लॅब यांच्यामध्ये जाऊन बसलं. वरची गच्ची दोन दिवसांच्या उन्हात वाळली, पण आतलं पाणी पंधरा दिवस खाली पाझरत राहिलं. पाऊस थांबल्यावरही थेंब पडत राहतात, ही अशा गळतीची खूण ठेकेदारानं पत्रात सांगितली होती. गुरुजींच्या छतातून नेमकं तसंच होत होतं. आम्ही मात्र त्यावरून उलटा निष्कर्ष काढला होता, की चादर इतकी कुजलीय की पाऊस नसतानाही गळते!

पण साडेसात इंच पाणी साचलं कसं? गच्चीचा उतार शंभराला एक. म्हणजे वीस फुटांत जेमतेम अडीच इंच. एक पाइप तुंबला तर पाणी तीन-साडेतीन इंच चढून उंचवट्यावरून दुसऱ्या पाइपाकडे जायला हवं. ते गेलं नाही, कारण वाटेत बांध होता.

त्या बांधाची गोष्ट अशी. दोन वर्षं आधीच्या उन्हाळ्यात येळगाव धरण तळाला गेलं होतं आणि नळाला किती दिवसांनी पाणी येणार हे कुणी सांगू शकत नव्हतं. बायका रात्री दोनला उठून भांडी भरायच्या. तेव्हा चार घरांनी मिळून हजार-हजार लिटरच्या चार काळ्या टाक्या गच्चीवर चढवल्या. त्यांच्यासाठी विटांचा नऊ इंच उंच ओटा बांधला, तोही थेट मेंब्रेनवर, पॅरापेटपासून जिन्याच्या खोलीच्या भिंतीपर्यंत सलग. पाणी जायला भोक ठेवू का, असं गवंड्यानं विचारलं होतं म्हणे. पाइप तर याच बाजूला आहे, भोक कशाला, असं उत्तर त्याला मिळालं. ते उत्तर कुणी दिलं यावर आजही दोन मतं आहेत. तो ओटा पूर्ण झाला त्या दिवशी पूर्वेच्या कोपऱ्याचा हौद झाला. दोन बाजूंना पॅरापेट, तिसरीकडे भिंत, चौथीकडे ओटा. अठरा बाय वीस फूट. जिन्याच्या खोलीच्या छपराची पन्हाळही त्यातच पडते. पाइप उघडा होता तोवर कुणाला काही कळलं नाही. तो तुंबल्यावर दोन रात्रींच्या चार इंच पावसानं तिथे सरासरी अर्धा फूट पाणी उभं राहिलं. ठेकेदारानं पत्राच्या समासात पेन्सिलीनं हिशेब केलेला आहे : ३६० चौरस फूट गुणिले अर्धा फूट, १८० घनफूट, सुमारे पाच हजार लिटर. पाच टन वजन, चार टाक्यांच्या वजनाशिवाय. हा हिशेब वाचल्यावर सभेत थोडा वेळ कुणीच काही बोललं नव्हतं.

आणि जाळी? जाळी आपणच काढली होती. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, शेवया, मिरच्या वाळत घातल्या जातात, खाली प्लास्टिकचा कागद असतो. त्याचे तुकडे आणि शेजारच्या निंबाचा पाला जाळीवर साचायचा आणि पाणी थांबायचं. मग कुणीतरी जाळीच उपटली, की पाणी कसं झपकन जातं! जाळीवर साचलेला कचरा दिसतो आणि हातानं काढता येतो, पाइपाच्या वळणात गेलेला दिसत नाही. वॉरंटीच्या कागदाच्या मागच्या बाजूला, सहाव्या कलमात, स्पष्ट होतं की पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर पाइपांची तोंडं साफ करणं संस्थेकडे राहील, आणि तुंबलेल्या पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत येणार नाही. खाली आपल्या तीन पदाधिकाऱ्यांच्या सह्या. माझीही त्यात आहे, मी तेव्हा खजिनदार होतो.

दुसरा तुकडा माझाच आहे. माझ्या सोलर बंबाचा स्टँड मधल्या भागात होता. त्याचे चार पाय, प्रत्येक पायाला दोन बोल्ट. बसवणाऱ्या पोरानं ड्रिलनं आठ भोकं पाडली, अडीच इंच खोल. मी बाजूला छत्री घेऊन उभा होतो आणि त्याला "घट्ट बसव रे, वारं फार असतं" असं सांगत होतो. चार मिलिमीटरच्या चादरीतून ड्रिल गेल्याचं मला दिसलं होतं, पण मनावर आलं नाही. त्यानं बोल्टभोवती सील लावलं आणि मला ते पुरेसं वाटलं.

ठेकेदारानं पत्रात लिहिलं होतं की सील लावून भोक बंद होत नाही, आणि कारण दिलं होतं. स्टँड वाऱ्यानं हलत राहतो. लोखंड आणि डांबर उन्हात सारखं फुगत नाही. वर्षभरात सील आणि बोल्ट यांच्यात केसाएवढी फट पडते. शिवाय ड्रिलनं आतलं पॉलिस्टरचं अस्तर कापलं जातं, आणि चादरीचा ताण तेच पेलत असतं. एकदा पाणी भोकातून खाली गेलं की ते चादरीखालून कुठेही सरकू शकतं. म्हणून थेंब भोकाच्या खाली पडत नाही, दहा-बारा फुटांवर पडतो. माझ्या बोल्टांचं पाणी माझ्या घरात आलं नाही. ते शेजारच्या घराच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर उतरत होतं. त्या बाई वर्षभर आपल्याच नळाच्या फिटिंगला दोष देत होत्या, त्यांनी प्लंबरला दोनदा पैसेही दिले होते.

हे त्यानं सिद्ध केलं ते निळीनं. बोल्टांच्या भोवती ओल्या मातीचं आळं करून त्यात निळीचं पाणी ओतलं. सकाळी दहाला ओतलेलं पाणी संध्याकाळी चारच्या सुमारास शेजारच्या स्वयंपाकघराच्या छतावर फिकट निळं दिसलं. त्या बाईंनी मला बोलावून दाखवलं. मला त्यांना काय म्हणावं कळलं नाही, नुसतं "हो वहिनी" म्हणालो. पत्रावरचा डाग त्याच निळीचा. बोट न धुता त्यानं पान उलटलं असणार.

नवव्या कलमात असं होतं की गच्चीवर कुठलंही नवं बांधकाम, स्टँड, अँटेना किंवा टाकी बसवायची तर ठेकेदाराला आधी लेखी कळवावं. पत्रात त्यावर एक वाक्य आहे : "आपण कळविले असते तर आम्ही नाही म्हटले नसते. स्टँडच्या पायांखाली मेंब्रेनचा जादा तुकडा लावून त्यावर काँक्रीटचे चार ठोकळे ओतून दिले असते व बोल्ट ठोकळ्यातच राहिले असते." म्हणजे भोक पाडायची गरजच नव्हती. आम्ही ज्याला परवानगीची कटकट समजत होतो, ते चार ठोकळे होते.

आता तिसरा तुकडा, ज्याच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. पश्चिमेच्या बाजूला दोन पट्ट्यांचा जोड एका ठिकाणी माशाच्या तोंडासारखा उघडला होता. तिथे ना पाइप तुंबला होता, ना कुणाचा स्टँड होता. पत्रात त्यानं लिहिलं होतं की तिथे कड चार इंच चढवायला हवी होती, मोजली तर दोन इंचच निघाली; ही आमच्या माणसाची चूक आहे, ती पट्टी वॉरंटीत विनामूल्य बदलून देऊ. हे आम्ही शोधलेलं नव्हतं. त्या बाजूच्या घरात अजून नुसती ओल होती, थेंब नव्हता. त्यानं स्वतः शोधलं आणि स्वतः लिहिलं. सभेत कुणीतरी म्हणालं, बाकीच्या दोन नाकारण्यासाठी ही एक कबूल केलीय, धूर्त आहे. असेलही. पण मोजपट्टी आम्ही लावली असती तर तिन्ही ठिकाणी तेच आकडे आले असते.

माझी तक्रार पत्राच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल आहे. तिथे लिहिलं होतं की कलमांचा भंग झाल्यानं 'संपूर्ण वॉरंटी रद्द करण्याचा आम्हांस अधिकार आहे, तथापि संबंध लक्षात घेऊन' तसं करत नाही. हे वाक्य वाचून आम्ही सगळे भडकलो. आमच्यातल्या एका वकील सभासदांनी मूळ कागद वाचून दाखवला तेव्हा कळलं की त्यात 'रद्द' हा शब्दच नाही. कागद म्हणतो, तुंबलेल्या पाण्यानं किंवा न कळवलेल्या फिटिंगमुळे झालेलं नुकसान 'वॉरंटीत येणार नाही'. नुकसान वगळणं वेगळं आणि वॉरंटी संपवणं वेगळं. माझ्या आठ भोकांमुळे मधल्या भागातलं पाणी त्याच्या जबाबदारीतून जातं, पण पश्चिमेचा जोड त्यामुळे जात नाही. वगळायचं तर ते नुकसान त्याच कारणानं झालंय हे दाखवणंही त्याच्याचकडे येतं. ते त्यानं रेघ आणि नीळ वापरून दाखवलंच होतं. मग अधिकाराची भाषा कशाला? वकीलसाहेबांनी तेवढ्या एका परिच्छेदाला उत्तर लिहिलं. बाकी पत्राला उत्तर लिहायला त्यांना काही सापडलं नाही. मंचात गेलो तर काय होईल, असं विचारल्यावर ते म्हणाले, "जोडाचं मिळेल, ते तो तसंही देतोय. बाकीच्याला आपल्याच सह्या आडव्या येतात." ठेकेदाराचं दुसरं पत्र चार ओळींचं आलं. तो परिच्छेद त्यानं मागे घेतला.

पैशाचा प्रश्न मग आपल्या आपल्यातच उरला आणि तो जास्त अवघड निघाला. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून होणारी पावसाची गळती ही संस्थेच्या खर्चानं दुरुस्त करायची, आणि गच्ची सामायिक असल्यानं तिच्यावर परवानगीशिवाय कुणी काही बसवायचं नाही. मग ओट्याचं काय? चार घरं म्हणाली, टाक्या हौसेनं नाही चढवल्या, पाणी नव्हतं. ते खरंच होतं. त्या उन्हाळ्यात त्यांच्या टाकीतून बादल्या नेणाऱ्यांत इतर घरंही होती. तीन सभा झाल्या. एका सभेतून एक जण उठून गेला तो वर्षभर परत आला नाही. शेवटी गुरुजींच्या छताचा आणि पूर्वेच्या कोपऱ्याचा खर्च संस्थेनं केला, ओटा तोडायचा खर्च त्या चार घरांनी केला, आणि माझ्या भोकांचा व शेजारच्या स्वयंपाकघराचा खर्च मी केला. वहिनींच्या प्लंबरचे पैसेही द्यायला गेलो होतो, ते त्यांनी घेतले नाहीत.

काम त्याच ठेकेदाराकडून करून घेतलं. टाक्या आता जिन्याच्या खोलीजवळ खांबांच्या डोक्यावर, लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीवर आहेत आणि खालून पाणी मोकळं वाहतं. माझा स्टँड चार ठोकळ्यांवर आहे. जाळ्या परत बसल्या, या वेळी घुमटासारख्या उभट, म्हणजे बाजूला पाला साचला तरी वरून पाणी जातं. पूर्वेच्या पॅरापेटमध्ये चार इंचांवर एक आडवी नळी काढलीय. पाइप पुन्हा कधी तुंबलाच तर पाणी सहा इंचांपर्यंत चढण्याआधी त्या नळीतून बाहेर पडेल आणि खाली सायकलच्या स्टँडवर धार लागलेली सगळ्यांना दिसेल. सोसायटीत नवीन आलेली मंडळी विचारतात, ही नळी कशाला? तर ती यासाठी.

गुरुजी आता नाहीत. त्यांच्या खोलीच्या छतावर नव्या प्लास्टरचा तुकडा बाजूच्या रंगापेक्षा किंचित पांढरा दिसतो, दोनदा रंग देऊनही. काकूंनी खाट मात्र तेव्हाच दुसऱ्या भिंतीला लावली ती अजून तिथेच आहे.

सात वर्षांची वॉरंटी केव्हाच संपली. गच्चीची एक वही आहे, तिच्यात मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आणि दिवाळीनंतर पाइप साफ करणाऱ्याची सही घेतली जाते. मधली दोन वर्षं कोरी आहेत, तीही मी मुद्दाम पाहिली. मेंब्रेन आता म्हातारी झालीय, चंदेरी रंग बहुतेक उडालाय आणि दक्षिणेकडे तिला बारीक सुरकुत्या पडल्यात. नव्या कामाची तीन कोटेशनं कार्यालयात आलेली आहेत. मागच्या महिन्यात कार्यकारिणीत त्यांतली कलमं एकानं मोठ्यानं वाचली आणि बाकीच्यांनी ऐकली. पंधरा मिनिटं लागली. एका कोटेशनात पाइप साफ करणं कुणाकडे हे लिहिलेलंच नव्हतं, ते विचारायला सचिवांनी त्याला तिथूनच फोन लावला.